शिंप्याला शंका येते कुठून?

प्रश्न : मी एक लघुकथा लिहिली आहे. एक शिंपी कितीतरी वर्षं पैसे साठवत असतो. त्याला एक जुनी स्कूटर निम्म्या किमतीत मिळते आणि पैसे हातात देता देता 'काहीतरी चुकतंय' असं वाटून तो माघारी फिरतो. दोन ठिकाणांहून कथा परत आली. एका संपादकांनी लिहिलं, 'तुमचा शिंपी आधी भोळा आहे आणि शेवटच्या पानावर एकदम शहाणा होतो.' मला ते पटलंय, पण दुरुस्त कसं करू ते कळत नाही. स्कूटर मी रोज चालवते, पण जुनी गाडी कधी घेतलेली नाही आणि शिवणकाम तर अजिबात येत नाही.
– एक वाचक

उत्तर : शेवटचं पान चार वेळा नव्याने लिहिलंत तरी ते जुळून येणार नाही, कारण कथा बिघडलीय ती किमतीपाशी. निम्म्या किमतीत गाडी मिळतेय म्हटल्यावर वाचक तिसऱ्याच ओळीला ओळखतो की इथे काळंबेरं आहे. मग पुढची सहा पानं तो मास्तरांना ते कधी कळतंय याची वाट बघत बसतो. जे वाचकाला दिसतं ते ज्याला दिसत नाही, त्याला वाचक भोळाच म्हणणार. हिशेबाने, टेपने, दर दिवशी चार गिऱ्हाइकांशी घासाघीस करून जगणारा माणूस भोळा असतो हे पटणं तसंही कठीण. शिंप्याकडून एक रुपया कमी करून घेऊन बघा.

मुरलेले फसवणारे खरं तर सहसा निम्मी किंमत सांगत नाहीत. निम्म्या किमतीला शहाणं गिऱ्हाईक पळून जातं. बाजारभावापेक्षा साधारण चौथा हिस्सा कमी आणि त्या कमीपणाला एक पटण्यासारखं कारण, हे जास्त चालतं. बदली झालीय, परगावी जायचंय, भावाने घेतली पण त्याला चालवताच येत नाही, घराखाली ठेवायला जागा नाही. यातलं कुठलंही कारण खरंही असू शकतं, म्हणून तर ते चालतं. तेव्हा आधी किंमत वर न्या. वाचकालाही क्षणभर 'घेऊन टाका मास्तर' असं वाटलं पाहिजे.

आता किती वर नेऊ, हे तुम्हाला शिंप्याच्या पैसे साठवायच्या डब्यावरून ठरवता येईल. तुमच्या कथेत 'कितीतरी वर्षं पै पै साठवली' असं एक वाक्य असणार, पत्रावरून तरी तसा वास येतोय. ते काढा. साठवणं म्हणजे काय होतं ते एकदा स्वतःपुरतं कागदावर मांडा. कथेत त्यातले दोनच आकडे आले तरी पुरे, पण तुम्हाला सगळं माहीत हवं.

समजा, मास्तरांनी ठरवलंय की नवीन शिवणाचे पैसे घरात जातील आणि अल्टरेशनचे डब्यात. पँटची लांबी कमी करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं, उसवलेली बगल शिवणं, असली कामं. पैसा थोडा, पण रोज येणारा आणि घरातल्या कुणाच्या हिशेबात नसलेला. ज्या दिवशी ठरवलं त्या दिवशी नव्या स्कूटरची किंमत 100 भाग होती असं धरू आणि डब्यात वर्षाला 12 भाग पडतात असं धरू. नऊ वर्षांच्या आत गाडी दारात, असा सरळ हिशेब मास्तरांनी खडूने मशीनच्या फळीवर केला असणार.

पण स्कूटर जागेवर थांबत नाही. समजा तिची किंमत दर वर्षी 6 टक्क्यांनी वाढतेय. आठ वर्षांनी डब्यात 96 भाग जमले, ठरल्याप्रमाणे. स्कूटर मात्र आता 159 भागांना झाली. आठ वर्षं राबून अंतर 100 वरून 63 वर आलं. त्याहून वाईट म्हणजे शेवटच्या वर्षात डब्यात 12 पडले आणि किंमत 9 ने वाढली, म्हणजे वर्षभरात ते जेमतेम 3 भाग पुढे सरकले. हे असंच चालू राहिलं तर तेराव्या वर्षी किंमत वर्षाला 12 पेक्षा जास्त वाढायला लागेल आणि मास्तर पैसे साठवत साठवत स्कूटरपासून लांब जायला लागतील. अल्टरेशनचे दर का वाढवत नाहीत? कारण लांबी कमी करून घ्यायला येणारी माणसंच पुढे नवीन कपडा टाकतात, त्यांना दुखवून चालत नाही. डब्यातल्या पैशाला व्याजही नाही.

हा तक्ता त्यांनी मांडलेला नसला तरी गेली दोन-तीन वर्षं त्यांना ते जाणवतंय. शोरूमवरून जाताना ते हल्ली किंमत विचारत नाहीत, एवढी एक ओळ लिहिलीत तरी वाचकाला कळेल. भोळेपणाची गरजच उरत नाही. शहाणा माणूसच नवीन गाडीचा नाद सोडून जुनी बघायला लागेल आणि तीही लवकर बघायला लागेल.

मग विक्रेता येतो आणि दोन वर्षांची, फक्त 4,000 किलोमीटर चाललेली स्कूटर 90 भागांना देऊ करतो. अशा गाडीला बाजारात 115 ते 120 भाग सहज मिळाले असते. स्वस्त आहे, पण अविश्वसनीय नाही. आणि डब्यात 96 आहेत.

इथे थोडं थांबा, कारण कथेतली सगळ्यात चांगली गोष्ट तुमच्याकडे आहे आणि तुम्ही ती वापरलेली नाही. 90 का? 100 का नाही, 80 का नाही? शिंप्याचं दुकान म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याने दोन मिनिटं टेकायची जागा. 'काय मास्तर, गाडी कधी?' हे गिऱ्हाइकं आठ वर्षं विचारत आलीत आणि मास्तरांनीही कधी हसत, कधी वैतागून डब्याचा आकडा सांगितलाय. विक्रेता त्यातलाच कुणीतरी असेल किंवा त्यातल्या कुणाच्या ओळखीचा. आकडा ठरवताना त्याला गाडीची किंमत बघायची नव्हतीच, मास्तरांची ऐपत बघायची होती. माप दिलेलं नसताना कपडा अंगाला चपखल बसला तर शिंप्याला आनंद होण्याआधी एक प्रश्न पडायला हवा, की माझं माप याच्याकडे आलं कुठून? हा विचार मास्तरांच्या डोक्यात लगेच घालू नका. आधी ते खूश होऊ देत. 'सहा भाग उरतील, त्यात हेल्मेट आणि विमा' असा हिशेब करू देत. माणूस उरलेल्या पैशाचा हिशेब करायला लागला की मनाने वस्तू त्याची झालेली असते.

आता शंका. 'काहीतरी चुकतंय असं वाटलं' हे वाक्य संपादकांना खटकलं, ते बरोबरच आहे. वाटणं हवेतून येत नाही. मास्तरांना गाडीतलं काही कळत नाही, तेव्हा इंजिनचा आवाज ऐकून ते काही ओळखणार नाहीत. त्यांना जे कळतं ते गाडीवर कुठे आहे, एवढंच शोधायचं. तुम्ही रोज त्यावर बसता. सीट!

सीटच्या कव्हरबद्दल थोडं सांगतो, कारण सगळी कथा त्यावर फिरेल. कव्हर रेक्झिनचं असतं. त्याचे दोन-तीन तुकडे एकमेकांना शिवलेले असतात, वर बऱ्याचदा शोभेची एक टीप असते आणि कडा खाली ओढून प्लास्टिकच्या तळाला बारीक पिनांनी ठोकलेल्या असतात. सुती कापड उसवलं तर सुईची भोकं दिसतात, पण पाणी मारून इस्त्री फिरवली, नखाने जरा घासलं, की धागे पुन्हा सरकतात आणि भोक जवळपास बुजतं. रेक्झिन विणलेलं नसतं, निदान त्याचा वरचा थर तरी नसतो. त्यात सुई एकदा गेली की भोक कायमचं. म्हणून रेक्झिन किंवा चामडं शिवताना शिंपी टाचण्या लावत नाही, चिमटे लावतो आणि टीप वाकडी गेली तर उसवायचा विचारही करत नाही. चालवलेली टीप हीच शेवटची टीप.

हे ज्ञान कथेत आयत्या वेळी आणू नका, नाहीतर संपादक पुन्हा तेच म्हणतील. पहिल्या-दुसऱ्या पानावर ते सहज पेरून ठेवा. एक गिऱ्हाईक रेक्झिनचं जॅकेट घेऊन येतं, म्हणतं, जरा सैल करून द्या. मास्तर उलटं करून बघतात, आत शिवणीत सोडलेली माया आहे, करता येईल. तरी परत देतात. 'उसवलं की जुन्या टिपेची भोकं बाहेर दिसतील. घट्ट करायचं तर करून देतो, जुनी टीप आत जाईल. सैल नाही होणार.' गिऱ्हाईक कुरकुरत जातं, डब्यातला त्या दिवशीचा एक पैसा कमी होतो. वाचकाला वाटेल हा प्रसंग मास्तरांचा सरळपणा दाखवायला आहे. त्याला तसंच वाटू द्या.

मग मुख्य प्रसंग. मी असा लिहिला असता, तुम्ही तुमच्या पद्धतीने लिहा :

विक्रेता फोनवर बोलत चार पावलं लांब गेला. मास्तरांनी सीटवर हात ठेवला. बसावं की न बसावं असं त्यांना झालं होतं. बोटं आपसूक शिवणीवर गेली आणि काठाकाठाने फिरायला लागली. टीप सरळ होती. दोरा मात्र जाड होता आणि टाका लांब, घाईत मारल्यासारखा. कंपनीची टीप अशी नसते, त्यांनी मनात म्हटलं आणि मग त्यांना टिपेशेजारी, दोन-तीन सूत अंतरावर, बारीक भोकांची एक ओळ दिसली. रिकाम्या भोकांची. वळणापाशी ती नव्या टिपेच्या खाली जात होती आणि पुढे पुन्हा वर येत होती. ते वाकले. सीटच्या खालच्या कडेला पिना चकचकीत होत्या आणि त्यांच्या मधे जुन्या पिनांची भोकं होती, गंजाचे ठिपके धरून.

विक्रेता परत आला.

'सीट कधी बदललीत?' मास्तरांनी विचारलं.

'सीट? छे हो, कंपनीचीच आहे. बसलंय कोण तिच्यावर?'

'फाटली-बिटली होती का?'

'मास्तर, दोन वर्षांची गाडी. काय फाटणार?'

इथे प्रसंग संपवू नका, पण मास्तरांना भाषणही देऊ नका. त्यांनी काय ओळखलं आणि काय ओळखलं नाही, याचा काटा तुम्ही अगदी नीट धरायला हवा, कारण इथेच बऱ्याच कथा घसरतात. उसवलेली सीट हा फसवणुकीचा पुरावा नाही. नवीन गाडीची सीटही मांजराने फाडली असेल, कुणी टवाळाने ब्लेड मारलं असेल. विक्रेता म्हणाला असता, 'हो, मांजराने ओरबाडली, शिवून घेतली', तर मास्तरांनी पैसे दिले असते आणि त्यात त्यांचं काही चुकलं नसतं. त्यांना अडवते ती गरज नसताना मारलेली थाप. आठ वर्षांचा डबा ज्याच्या हातात द्यायचा तो माणूस मांजराएवढ्या गोष्टीवर खोटं का बोलतोय? संपादकांनी मागितलेला सांधा हाच आहे. इथे माणूस एकदम शहाणा होत नाही. त्याच्या धंद्याने त्याला एक प्रश्न विचारायला लावला आणि उत्तराने बाकीचं केलं.

एक काम तुमच्यासाठी, कथेत न येणारं. गाडीत नेमकी खोट काय आहे हे तुम्हाला पक्कं माहीत हवं, मास्तरांना ते कधीच कळलं नाही तरी. चोरीची गाडी करू नका. मग टोळी आली, पोलिस आले आणि शिंप्याची कथा राहिली बाजूला. माझ्या मते ही गाडी सामान पोचवायच्या कामाला लावलेली होती, दिवसभर रस्त्यावर. ती 4,000 नाही, 40,000 किलोमीटर चाललीय. मीटरचा आकडा मागे घेतलाय. डिजिटल मीटर असला तरी उपकरण जोडून आकडा बदलता येतो किंवा कमी चाललेल्या गाडीचा अख्खा मीटर आणून बसवता येतो. आकडा बदलता येतो, पण घासलेल्या वस्तू बोलतात, म्हणून विकणाऱ्याने त्या बदलल्यात : सीटच्या कव्हरचा वरचा घासलेला तुकडा, हँडलच्या मुठी, पाय ठेवायचं रबर. इतकं सगळं कोरं करून ब्रेकच्या लिव्हरचं टोक मात्र पांढरं पडलेलं राहिलंय, कारण तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. आणि किल्लीचे दात गुळगुळीत झालेत.

टायरवर बघितलं तर आणखी एक गोष्ट मिळते. टायरच्या बाजूला, लांबलचक कोडच्या शेवटी, चार अंक असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2319 असेल तर टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. गाडी दोन वर्षांची आणि टायर सहा महिन्यांपूर्वीचे, असं निघालं तर विचारायचं की 4,000 किलोमीटरला टायर कसे झिजले? सहसा झिजत नाहीत. तसंच चासी नंबरचं. हल्ली बहुतेक ठिकाणी तो 17 अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात I, O आणि Q ही अक्षरं मुद्दाम टाळतात, 1 आणि 0 शी गल्लत होऊ नये म्हणून. कागदावर मधेच O दिसला तर तो कागद लिहिणाऱ्याची चूक तरी आहे किंवा त्याचा उद्योग तरी.

हे सगळं तुम्ही वापरायला गेलात तर कथेची मार्गदर्शक पुस्तिका होईल. म्हणून म्हणतो, हे तुमच्या वहीत राहू दे. मास्तरांना फार तर एवढंच ऐकून माहीत असेल की 'गाडीवरचा नंबर कागदाशी जुळवायचा असतो.' सीटच्या थापेनंतर त्यांना ते आठवेल आणि ते विचारतील, 'नंबर कुठे असतो हो हिच्यावर?' त्यांचं अज्ञान तसंच राहू दे, ते खरं वाटतं. विक्रेता कागदाचा मोबाइलवरचा फोटो दाखवतो, मूळ कागद घरी आहे म्हणतो, उद्या देतो म्हणतो आणि त्याच दमात सांगतो की दुपारी दुसरं गिऱ्हाईक येतंय. घाई आणि दाखवता न येणारा कागद एकाच वाक्यात आले की जाणत्या वाचकाचे कान टवकारतात. मास्तरांचे नाही टवकारले तरी चालेल, त्यांच्या डोक्यात अजून सीटच आहे.

या निवडीतून कथेला एक चांगला कडूपणा मिळतो. 4,000 किलोमीटरची म्हणून 90 भाग ही किंमत स्वस्त होती. पण 40,000 किलोमीटर राबलेल्या गाडीची खरी किंमत 60 च्या आसपास असेल आणि वर थोड्याच दिवसांत खर्च : आतला पट्टा ठरावीक किलोमीटरनंतर बदलावाच लागतो, क्लच घासलेला, पुढचे बेअरिंग खडखडणारे. म्हणजे ज्या सौद्याला मास्तर हातातून निसटू द्यायला तयार नव्हते तो सौदा मुळात महागच होता. हे कथेत कुणी मोठ्याने म्हणायचं नाही. तुम्ही आकडे नीट ठेवलेत तर हिशेबी वाचक आपला आपण करून घेईल, आणि अशा वाचकाला आपण हिशेब केला याचा जो आनंद होतो तो आयता देऊन मिळत नाही.

तुमच्या शिंप्याने स्कूटर जवळजवळ घेतलीच होती, त्यातल्या 'जवळजवळ'ला किंमत द्या. तुमच्या मसुद्यात ते पूर्ण पैशांसह सुखरूप घरी येतात असं दिसतंय. तसं झालं तर कथेत काही घडलंच नाही, फक्त टळलं. माझा आग्रह असा की आदल्या संध्याकाळी त्यांनी टोकन दिलेलं असावं. फार नाही, तीन भाग. म्हणजे अल्टरेशनची तीन महिन्यांची कमाई. त्यामुळे सीटपाशी उभं असताना त्यांच्यापुढचा पेच खरा होतो : मागे फिरलो तर तीन गेले आणि तेही पटवून न देता येणाऱ्या कारणासाठी. 'सीटला भोकं होती म्हणून सोडली' हे घरी कसं सांगायचं? दिलेल्या टोकनच्या मोहापायी लोक उरलेले सगळे पैसे घालतात, टोकन घेणाऱ्याला हे पुरतं ठाऊक असतं. मास्तर ते तीन भाग सोडतात, तिथे तुम्हाला शहाणपणाचा एक शब्दही लिहावा लागणार नाही.

टोकन परत मागू दे त्यांना. एकदाच. विक्रेता म्हणेल, 'मास्तर, व्यवहार तुम्ही मोडताय, मी नाही', आणि नियमाने पाहिलं तर त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. मास्तरांकडे त्याला उत्तर नाही. असू नये.

बायकोच्या तोंडी शेवटी 'बरं झालं नाही घेतली' असं वाक्य असेल तर ते काढाच. तिला गाडी हवी होती. आठ वर्षं शिवलेल्या कपड्यांचे गठ्ठे ती पण पायी पोचवतेय. ती चिडेल, निदान विचारेल तरी, 'खात्री होती का तुम्हाला?' आणि मास्तरांना प्रामाणिकपणे 'नाही' म्हणावं लागेल. खात्री त्यांना कधीच होणार नाही. ती स्कूटर कुणीतरी तिसरा घेऊन जाईल आणि ती त्याच्याकडे बरी चाललेली एखाद-दुसऱ्या वेळी रस्त्यावर दिसेलही. नंतर कुणीतरी येऊन 'मास्तर वाचलात, तो माणूस ठग होता' असं सांगण्याचा प्रसंग घालायचा मोह तुम्हाला होणार. सगळ्यांनाच होतो. त्या एका वाक्याने मास्तरांनी स्वतःच्या बोटांवर ठेवलेला विश्वास फुकट जातो, कारण मग निकाल दुसऱ्याने दिला.

लांबीबद्दल : डब्याचा भाग एका पानाच्या वर जाऊ देऊ नका, जॅकेटचा प्रसंग अर्धं पान. विक्रेत्याला चांगला माणूस म्हणून आणा, बोलका, मास्तरांच्या हातचा शर्ट घातलेला. मला तर वाटतं त्याने त्याच आठवड्यात पँट लांबी कमी करायला टाकलेली असावी. म्हणजे सौदा मोडल्यावरही ती पँट दुकानात पडून राहील आणि ती द्यायची की नाही, मजुरी घ्यायची की टोकनमधून वळती करायची, हा नवा तंटा तुमच्या हाताशी येईल. कदाचित शेवट तिथेच कुठेतरी आहे, ते तुम्ही बघा.

आणि मसुदा झाला की कुठल्याही मासिकाला पाठवण्याआधी एखाद्या शिंप्याकडे जा, सीटचा आणि जॅकेटचा प्रसंग त्याला वाचून दाखवा. दुपारी जा, तेव्हा गर्दी कमी असते. तो मधेच थांबवून 'असं नाही हो करत आम्ही' म्हणेल तिथे पेन्सिलने खूण करायची आणि तो जे सांगेल ते जसंच्या तसं लिहून घ्यायचं.